मेटोप्रोलॉल एक्सएल ५० संपली, साधी ५० ची घेतली तर चालेल का? आणि एक्सएल अर्धी करता येते का?

तशीच बदलू नका. आकडा सारखा असला तरी गोळीची बांधणी वेगळी असते.

साध्या गोळीत मेटोप्रोलॉल टार्ट्रेट असतं. ती पोटात लगेच विरघळते, दीड-दोन तासांत रक्तातलं प्रमाण सर्वांत वर जातं आणि मग झपाट्यानं उतरतं. म्हणून ती बहुधा दिवसातून दोनदा देतात. एक्सएलमध्ये सक्सिनेट असतं, लेप दिलेल्या बारीक दाण्यांमध्ये भरलेलं, आणि ते साधारण २० तास हळूहळू सुटत राहतं. सकाळी एक्सएलऐवजी साधी ५० एकदाच घेतली, तर दुपारपर्यंत नाडी जास्त मंदावून चक्कर येऊ शकते आणि रात्री मात्र रक्तदाब मोकळा सुटतो. रक्तदाबासाठी बदल करायचाच झाला, तर दिवसाची एकूण मात्रा तीच ठेवून ५० ऐवजी २५ सकाळी आणि २५ संध्याकाळी देतात, तेही डॉक्टरांना विचारून. गोळी हार्ट फेल्युअरसाठी असेल तर साधी ही तिची पर्यायी गोळीच नाही. तिथे फायदा सिद्ध झालाय तो सक्सिनेटचा.

अर्धी करण्याचं उत्तर गोळीवरच्या खाचेत आहे. या गोळीत प्रत्येक दाण्याला स्वतःचा लेप असतो, त्यामुळे खाचेवर मोडली तरी दाणे शाबूत राहतात. पण फक्त खाच असेल आणि माहितीपत्रकात मोडायला परवानगी असेल तरच. अर्धा तुकडाही न चावता, न कुटता गिळायचा. कुटलं की दाण्यांचे लेप फुटतात आणि दिवसभराचं औषध एकदम बाहेर येतं.

हे सगळ्या एक्सएल गोळ्यांना लागू नाही, आणि इथेच लोक फसतात. निफेडिपिनच्या काही गोळ्यांत औषध कवचाच्या एका बारीक छिद्रातून ढकललं जातं. ती मोडली तर नियंत्रणच उरत नाही: रक्तदाब एकदम पडतो, डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते. अशी गोळी अख्खी घेतल्यावर तिचं रिकामं कवच शौचात दिसू शकतं. त्यावरून औषध लागलंच नाही असं समजून दुसरी घेऊ नका.

एखादा डोस राहिला आणि थोड्याच वेळात आठवला तर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या, दोन एकत्र कधीच नाही. मात्र गोळ्या मिळत नाहीत म्हणून मेटोप्रोलॉल एकदम बंदही करू नका, विशेषतः हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर. छातीत दुखणं वाढू शकतं, झटकाही येऊ शकतो. बंद करायचं असेल तेव्हा एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं कमी करतात.

ब्रँड बदलताना पुढचं नाव नाही, मागची बारीक ओळ वाचा. एक्सएल, ईआर, एसआर, पीआर ही अक्षरं कंपन्या आपापल्या परीनं लावतात. ओळीत सक्सिनेट आहे की टार्ट्रेट, एक्स्टेंडेड किंवा प्रोलाँग्ड रिलीज लिहिलंय का आणि मिलिग्रॅम किती, या तीन गोष्टी जुन्या पाकिटाशी जुळायला हव्यात. ४७.५ दिसलं तर घाबरू नका; तेवढं सक्सिनेट म्हणजे ५० टार्ट्रेटइतकंच, आणि काही कंपन्या तोच आकडा छापतात. नवा ब्रँड सुरू केल्यावर आठवडाभर सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी नाडी व रक्तदाब लिहून ठेवा. नाडी ५० च्या खाली जाऊ लागली किंवा उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.