ब्रेकअपची चेष्टा आणि निष्ठेची परीक्षा

प्रश्न : माझा जोडीदार हसत हसत ‘ब्रेकअप करूया का?’ म्हणतो, मुद्दाम दुसऱ्या मुलींची स्तुती करतो आणि माझ्याकडे बघत राहतो. याचा अर्थ काय?

उत्तर : लेस्ली बॅक्स्टर आणि विल्यम विल्मट या संशोधकांनी 1984 मध्ये अशा वागण्याला ‘गुप्त चाचण्या’ म्हटले. जो प्रश्न थेट विचारण्याची भीती वाटते, त्याचे उत्तर समोरच्याच्या प्रतिक्रियेतून काढून घेणे, हे त्यांचे स्वरूप असते. थट्टा सोयीची ठरते, कारण उत्तर नकोसे आले तर ‘गंमत केली’ म्हणून माघार घेता येते. स्तुती करून तुमच्याकडे बघत राहणे ही मत्सराची चाचणी आहे.

हे वाक्य केव्हा येते, ते पाहा. तुम्ही मैत्रिणींसोबत बाहेर गेलात किंवा फोन उशिरा उचललात की त्यानंतरच ते येत असेल, तर त्यामागे बहुधा सोडून जाण्याची भीती असते. अडचण अशी, की तुम्ही रडलात किंवा विनवण्या केल्यात तर त्याला मिळणारा दिलासा फार टिकत नाही आणि पुढची चाचणी अधिक कठीण होते. म्हणून परीक्षा देत बसू नका; शांत वेळी विचारा, “तू हे गमतीत म्हणतोस, पण तुला माझ्याबद्दल नेमकी कसली शंका आहे?”

भीती असलेला माणूस अवघडतो, पण बोलतो. मात्र स्पष्ट सांगूनही तो तेच करत राहिला आणि दर वेळी तुमचे बाहेर जाणे कमी होत गेले, तर ती धमकी आहे.