पावाची खूण गजावर कुठे? न्यूटन-राफसनबद्दल वाचकांचे प्रश्न

आमच्या जनरेटरची डिझेल टाकी आडव्या नळकांड्यासारखी आहे, आतला व्यास १२० सेंमी. गजावर ३० सेंमीला पावाची खूण केली, पण तिथं डिझेल पावापेक्षा कमी भरतं. कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणतो, न्यूटन-राफसनने खरी जागा निघेल. कशी?
— निपाणी

३० सेंमीवर तुमची टाकी साडेएकोणीस टक्केच भरलेली असते. तळाशी टाकी अरुंद आणि मध्यावर रुंद, म्हणून तिथं खोलीचं गणित सरळ चालत नाही.

टाकीचा आडवा छेद म्हणजे वर्तुळ. डिझेलच्या पातळीची दोन टोकं केंद्राला जोडली की जो कोन होतो तो θ, रेडियनमध्ये. टाकीचा (θ − sin θ)/2π एवढा भाग भरलेला असतो. तो पाव हवा, म्हणजे θ − sin θ = π/2. हे समीकरण बीजगणिताने सुटत नाही, म्हणून अंदाज धरून तो सुधारत जायचं:

```
f(θ)  = θ − sin θ − π/2
f'(θ) = 1 − cos θ
नवा θ = θ − f(θ)/f'(θ)
```

शेवटच्या ओळीचा अर्थ असा. धरलेल्या θ पाशी वक्राला स्पर्शिका काढा, ती आडव्या अक्षाला जिथं छेदते तो पुढचा अंदाज.

सुरुवात π पासून करा. π म्हणजे अर्धी टाकी. तिथं f = १.५७०७९६ आणि f', म्हणजे वक्राचा चढ, २, म्हणून नवा θ = २.३५६१९४. आता f = ०.०७८२९१, चढ १.७०७१०७, नवा θ = २.३१०३३२. पुढच्या फेरीला २.३०९८८१, आणि त्यानंतर सहा दशांश स्थळं हलत नाहीत. पहिल्या फेरीनंतर चूक ०.०४६ उरली होती, दुसरीनंतर ०.०००४५. बरोबर आलेले अंक दर फेरीला साधारण दुप्पट होतात, आणि या पद्धतीचा सगळा दबदबा त्यावरच आहे.

खोली = ६० × (१ − cos(θ/2)) = ३५.७६ सेंमी. पावाची खूण तिथं करा. पाऊण भागाची खूण वरून तेवढ्याच अंतरावर, म्हणजे ८४.२४ सेंमीला. टाकीची तोंडं सपाट आहेत आणि टाकी एका बाजूला कललेली नाही, असं मी धरलंय. तोंडं फुगीर असतील तर थोडा फरक पडेल.

आडव्या टाकीचं हेच गणित आम्हाला असाइनमेंटला आलं. मी सुरुवात ०.१ धरली. पहिल्याच फेरीला ३१४ आलं, मग उणे साडेपाच हजार. सूत्र तीनदा तपासलं, बरोबर आहे. मग चुकतंय कुठं?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, खानापूर

सूत्रात काही चुकलेलं नाही, सुरुवातीची जागा चुकली आहे. ०.१ ला चढ किती ते बघा: १ − cos ०.१ = ०.००४९९६. स्पर्शिका जवळपास आडवी झोपलेली आहे. f तिथं उणे १.५७०६. त्याला इतक्या लहान चढाने भागलं की पाऊल ३१४ चं पडणारच. योगायोग बघा, ३१४ हे 100π च्या अगदी शेजारी आहे आणि 2π च्या प्रत्येक पटीला हा वक्र पुन्हा सपाट होतो. म्हणून दुसरी उडी त्याहून मोठी. सुरुवात शून्यच धरली असतीस तर चढ शून्य, भागाकारच होत नाही.

मग π च का? θ ला टाकीत 0 ते 2π एवढीच मोकळीक आहे, आणि त्यात चढ सगळ्यात जास्त π ला असतो. पण नुसता चढ मोठा असून भागत नाही, वक्र कुठल्या बाजूला वाकलाय तेही बघावं लागतं. 0 ते π मध्ये sin θ, म्हणजे दुसरा डेरिव्हेटिव्ह, धन आहे. वक्र वर वाकलेला, त्यामुळे स्पर्शिका नेहमी त्याच्या खाली राहते. मुळाच्या उजवीकडून निघालं की ती अक्षाला मुळाच्या उजवीकडेच छेदते, मूळ ओलांडून पलीकडे जात नाही. अंदाज पायरी पायरीने उतरत येतात. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली असेल तर हेच चित्र उलटं होतं. म्हणून π पासून निघालं की पूर्ण रिकामी आणि पूर्ण भरलेली टाकी सोडून कुठल्याही भरतीला उत्तर हटकून मिळतं.

वहीत करायची तपासणी सोपी आहे: f आणि दुसरा डेरिव्हेटिव्ह यांचं चिन्ह सुरुवातीच्या बिंदूला सारखं हवं, आणि तिथून मुळापर्यंत ना चढ शून्य व्हावा, ना वाक बदलावा. सुरुवातीच्या बिंदूलाच दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य आला, जसा इथं π ला, तर मुळाकडे जाताना त्याचं चिन्ह काय होतं ते बघ.

मी π पासूनच सुरू केलं तरी पहिलं उत्तर उणे हजाराच्या पुढं गेलं!
— चिकोडी

कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे. रेडियनवर टाका.

टाकी जवळपास रिकामी असताना फेऱ्या संपतच नाहीत. १.५७, १.००, ०.६५५, ०.४३४… दुप्पट अंक वगैरे कुठं दिसत नाहीत.
— शहापूर, बेळगाव

तुमचे आकडे अगदी शून्य भरतीचे आहेत, म्हणजे θ − sin θ = 0. इथं मूळ θ = 0 आहे, पण ते तिहेरी आहे, कारण शून्याजवळ θ − sin θ हे θ³/6 सारखं वागतं. f आणि चढ दोघंही एकदमच शून्याकडे जातात आणि चूक दर फेरीला फक्त दोन तृतीयांश होते. लागोपाठच्या पावलांचं गुणोत्तर काढून बघा. ते झपाट्याने शून्याकडे जायला हवं. ०.६६ च्या आसपास अडकलं तर तिहेरी मूळ आहे, ०.५ ला अडकलं तर दुहेरी.

तिहेरी आहे हे कळलं की पाऊल तिप्पट करा. १.०० पासून साधं पाऊल ०.३४५ चं पडतं. तिप्पट केलं की थेट उणे ०.०३५, म्हणजे मुळाच्या दारात. एक टक्का भरतीला मूळ साधं असतं, तिथं तिप्पट करू नका. पहिल्या दोन-तीन फेऱ्या रेंगाळतात, मग वेग येतो.

दोन आकडे सारखे आले की थांबायचं, असं क्लासमध्ये सांगतात. पुरतं का?
— अथणी

बहुतेकदा पुरतं. तरी लागोपाठच्या पावलांचं गुणोत्तरही बघाच, कारण वरच्या उत्तरातल्यासारखी रेंगाळणारी पावलंही शेवटी लहानच होतात.

आकडे सारखे कधीच न येण्याचाही प्रकार आहे. x³ − 2x + 2 घ्या, सुरुवात ०. f = २, चढ उणे २, म्हणून पुढचा अंदाज १. तिथं f = १, चढ १, म्हणून पुन्हा ०. शंभर फेऱ्या करा, ० आणि १ यांच्यातच फिराल. उडी मोठी नाही, चढ शून्य नाही, तरी गाडं अडकलं. त्याचं एकमेव वास्तव मूळ −१.७६९३ आहे आणि −२ पासून निघालात तर −१.८, मग −१.७७ असं सरळ येतं.

म्हणून आधी f ची चिन्हं तपासा. −२ ला f = −२ आणि −१ ला ३, म्हणजे मूळ या दोघांमध्ये कोंडलेलं आहे. स्पर्शिकेने दिलेला अंदाज या हद्दीबाहेर गेला तर तो टाका आणि त्या फेरीपुरता हद्दीचा मध्य घ्या. दर फेरीला नव्या आकड्याचं चिन्ह बघून हद्द आवळत राहा. ० पासून सुरुवात ही हद्द आखतानाच बाद झाली असती.