चाकण ते बेंगळुरू: मामांची भाकरी आणि गाडीभोवतीच्या चकरा

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद.

वजन वाढलं, जेवल्यावर स्टिअरिंगवर डोळे मिटतात आणि कंबर धरते, असं फोनवर म्हणालास. घरी असतो तर पहाटे पळायला गेलो असतो, हेही म्हणालास. पण तू घरी नसतोस, चाकण-बेंगळुरू लाईनवर असतोस. म्हणून घरच्या माणसाचं वेळापत्रक सांगण्याऐवजी याच लाईनवरच्या मामांची गोष्ट लिहितो. नाव लिहीत नाही, सगळे मामाच म्हणतात. सोलापूरकडचे आहेत, बाराचाकी चालवतात.

मामांचं रुटीन तुझ्यासारखंच होतं. संध्याकाळी चाकणला माल भरायचा, रात्री आठला निघायचं, बाराच्या सुमाराला कराडच्या अलीकडे ढाब्यावर जेवायचं. बटर मारलेली डाळ, चार तंदुरी रोट्या, वर भात. जेवून लगेच गाडीत बसायचं आणि झोप येऊ नये म्हणून टपरी दिसली की चहा. दिवसाला आठ-नऊ चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या चहातून ऐंशी-नव्वद ग्रॅम साखर पोटात. तहान आणि रात्री चार वेळा लघवीला उठणं हा उन्हाचा त्रास असेल, असं त्यांना वाटायचं. ट्रक टर्मिनलवरच्या तपासणी शिबिरात उपाशीपोटी साखर २१२ निघाली. नंतर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी केली, ती ९.४ आली. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, नाहीतर एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त आली की डॉक्टर मधुमेह धरतात. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या सुरू झाल्या.

आता हे नीट वाच. मामांनी भीतीपोटी जेवणच तोडलं. सकाळी गोळी घ्यायची, बिनसाखरेचा कोरा चहा प्यायचा आणि थेट चित्रदुर्गापर्यंत गाडी हाणायची. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. तू जेवला आहेस की नाही हे ती बघत नाही, शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. चित्रदुर्गाच्या अलीकडे मामांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, पुढच्या गाडीचे लाल दिवे दोन-दोन दिसू लागले. क्लीनर पोरगा हुशार. त्यानं गाडी पंपावर घ्यायला लावली आणि पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली. साखर मोजायच्या मीटरवर ५४ आलं. पंधरा मिनिटांनी परत बघितलं तेव्हा ८१ होतं. मामा लगेच निघायला उठले, तर पोरानं चावीच काढून घेतली.

पोराचं बरोबर होतं. आकडा वर आला तरी मेंदू ताळ्यावर यायला वेळ लागतो. साखर ठीक झाल्यावरही पाऊण तास गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी मामांना नंतर सांगितलं. ७० च्या खाली असेल तर गाडी काढायचीच नाही, ७० ते ९० असेल तर आधी खायचं. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडचा डोस कमी केला आणि ती जेवणाबरोबरच घ्यायला सांगितली. खाणं बदलणार असशील तर आधी गोळीचं नाव डॉक्टरांना दाखव. ड्रायव्हरच्या बाबतीत मी ही पहिली पायरी मानतो, पथ्य त्यानंतर.

मग मामांनी खाणं नव्यानं बसवलं. त्यांना एक गोष्ट कळली होती की घड्याळावर जेवण बांधलं तर ते टिकत नाही. लोडिंगला उशीर होतो, घाटात गाडी बंद पडून जाम लागतो. म्हणून त्यांनी जेवण ठिकाणाशी बांधलं. निघण्याआधी चाकणलाच, माल भरत असताना, रात्रीचं जेवण उरकायचं. बाराचा ढाबा बंद. मध्यरात्री शरीर साखर नीट हाताळत नाही, आणि भरल्या पोटी रात्री गाडी चालवायची म्हणजे झोपेला बोलावणंच. रात्री लागलंच तर मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि पाणी. सकाळी निपाणी-बेळगावदरम्यान नाश्ता, आणि दिवसाचं मोठं जेवण हुबळी-धारवाडकडे.

त्या पट्ट्यात ढाबे सोडून खानावळी शोध. ज्वारीची रोटी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, भरली वांगी, बाजूला कच्ची मेथी, काकडी, कांदा आणि ताक. आपल्या सोलापूर-विजापूरचंच जेवण. आजारी ट्रक ड्रायव्हरला इतकं योग्य ताट महामार्गावर दुसरीकडे मिळणं अवघड आहे. फक्त रोटी वाढत राहतात, तिथं घात होतो. मामा आधी उसळ, काकडी आणि ताक संपवतात, मग दोन रोट्या घेतात आणि भाताच्या आधी ताटावरून उठतात. ढाब्यावरच जेवावं लागलं तर ‘डाळ साधी, वर बटर नको, दोन रोटी, कांदा-काकडी जास्त’ एवढं सांगतात. पोरं ऐकतात, आपण सांगत नाही.

चहाचा प्रश्न सगळ्यांत चिवट निघाला. टपरीवरचा चहा साखर घालूनच उकळलेला असतो, बिनसाखरेचा मागितला तर नवा टाकायला कोणी तयार नसतं. मामांनी पूर्ण कपाचा कटिंग केला आणि दिवसाला तीनवर आणले. पण त्यांचा चहा झोपेसाठी होता, त्यामुळे चहा तोडला की झोप समोर उभी राहिली. त्यावर उपाय झोपच. डोळे जड झाले की पंपावर किंवा ट्रक ले-बायवर गाडी लावून वीस मिनिटांचा गजर लावायचा. पुरेशी झोप मिळूनही दिवसा डुलक्या येत असतील आणि क्लीनर म्हणत असेल की तुम्ही घोरताना मध्येच श्वास थांबतो, तर तो वेगळा आजार आहे, त्याची तपासणी करून घ्यावी लागते. जाड मानेच्या माणसात तो जास्त दिसतो.

केबिनमध्ये मामांकडे दोन डबे असतात. एकात घरून आणलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी, त्या बरेच दिवस टिकतात. दुसऱ्यात मटकी. रात्री भिजत घालायची, सकाळी ओल्या फडक्यात बांधून सीटमागे ठेवायची, केबिनच्या उबेनं संध्याकाळपर्यंत मोड येतात. एप्रिल-मे महिन्यात मात्र फडकं उघडल्यावर आंबूस वास आला किंवा दाणे बोटाला चिकट लागले तर सरळ फेकून द्यायची. मोड आलेली मटकी कच्ची खाऊ नकोस, वाफवून घे. शेगडी पेटवायची तर गाडीच्या बाहेर, डिझेलच्या टाकीपासून लांब. केबिनमध्ये कधीच नाही, पंपाच्या आवारातही नाही, आणि ज्वलनशील माल असेल तर आसपास कुठेच नाही.

आता चालण्याचं. लोक सांगतात, जेवल्यावर फेरफटका मारा. ड्रायव्हर गाडी सोडून कुठे जाणार? डिझेल चोरीला जातं, ताडपत्री फाडून माल काढतात. म्हणून मामा गाडीभोवतीच चालतात. बाराचाकीची एक चकर साधारण तीस मीटरची होते, तेहतीस चकरा म्हणजे एक किलोमीटर. पहिल्या फेरीत टॉमीनं टायर ठोकून बघायचे, दुसरीत रस्सी आणि ताडपत्री, तिसरीत गाडीखाली वाकून तेल कुठे गळतं का ते. मग नुसतं चालायचं. वेळ महत्त्वाची आहे: जेवण संपल्यावर लगेच, दहा ते पंधरा मिनिटं. त्या वेळी पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि जेवणानंतरचा चढ कमी होतो. मामांनी मीटरवर स्वतः पाहिलं. तेच ताट खाऊन बसून राहिले तर दोन तासांनी २३० च्या आसपास, चकरा मारल्या की १९० च्या आसपास. प्रत्येकाचा फरक सारखा नसतो, पण आकडा डोळ्यांनी दिसल्यावर मामांना आळस परवडेना. हायवेच्या कडेला मात्र कधीही चालायचं नाही, मागून येणारी गाडी तुला बघेलच असं नाही.

कंबरेसाठी त्यांनी तीन गोष्टी बदलल्या. मागच्या खिशातलं पाकीट काढून डॅशबोर्डमध्ये टाकलं, कारण त्यावर बसलं की एक कुल्ला वर राहतो आणि कणा तासन्‌तास वाकडा राहतो. केबिनमधून उडी मारणं बंद केलं, तोंड गाडीकडे करून, दांडी धरून पायदानावरून उतरतात. आणि उतरल्यावर एक पाय पायदानावर, दुसरा मागे जमिनीवर सरळ ठेवून कंबर पुढे ढकलतात, अर्धा मिनिट, मग पाय बदलून. बसून बसून मांडीचा पुढचा भाग आखडतो, तो यानं सुटतो. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातला हक्क होता, २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली आहे, मालक घाई करत असेल तेव्हा हे ठाऊक असू दे. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर ताणून-चोळून बघत बसू नकोस. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठ.

तीन महिन्यांनी मामांची एचबीएवनसी ७.६ आली. पुढच्या तीन महिन्यांत मात्र ती ७.९ वर गेली. रस्त्यावर ते नीट होते. घात झाला बेंगळुरूच्या गोदामाबाहेर, गाडी खाली होण्याची वाट बघण्यात. दोन-दोन दिवस रांगेत, करायला काही नाही, समोर भज्यांची गाडी आणि पत्त्यांचा डाव. चालवायच्या दिवसांचा बंदोबस्त केला होता, थांबायच्या दिवसांचा नव्हता. आता थांबायच्या दिवशी ते सकाळ-संध्याकाळ स्वतः स्वयंपाक करतात, मुगाची खिचडी किंवा मटकीची उसळ. गाडीजवळ क्लीनरला बसवून अर्धा तास लांब चालून येतात, मग क्लीनरला पाठवतात. मागच्या वेळी ७.१ आली.

तुझ्या वडिलांना शुगर आहे, म्हणजे तुलाही वाट बघण्यात अर्थ नाही. पुढच्या खेपेला चाकणला आलास की रात्री जेवल्यानंतर आठ तास काही न खाता सकाळी रक्त तपासून घे, सोबत एचबीएवनसी आणि रक्तदाबही. रिपोर्टचा फोटो मला पाठव. आणि कोणती गोळी चालू झालीच तर तिचं नाव आणि काय करायचं ते क्लीनरलाही सांगून ठेव.

तुझा,
काका