‘जमत नाही’ म्हणण्याआधी दोन आठवड्यांची नोंद

“टीममधल्या दोघांनी नोकरी सोडली, त्यांचं बरंचसं काम माझ्याकडे आलं. रोज रात्री नऊपर्यंत बसतो, तरी संपत नाही. सरांना एकदा बोललो तर म्हणाले, ‘थोडे दिवस सांभाळून घे.’ त्याला चार महिने झाले. पुन्हा बोललो तर रडगाणं वाटेल, कामचुकार ठरेन. कसं सांगू?”

तुमचं पत्र वाचताना मला खरेदी विभागात काम करणाऱ्या एक बाई आठवल्या. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. त्याही साहेबांशी एकदा बोलल्या होत्या, पण जिन्यात, साहेब दुसऱ्या मीटिंगला निघालेले असताना. वाक्य होतं, “सर, मला आता खरंच जमत नाहीये.” साहेब म्हणाले, “सगळ्यांचीच ओढाताण चालू आहे.” त्यांना ते फार लागलं. मला मात्र त्या उत्तरात दुष्टपणा दिसला नाही. त्या वाक्यावर साहेबांनी नेमकं काय करायचं होतं? ठरवण्याजोगं त्यात काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी धीर दिला आणि पुढे गेले.

मी त्यांना दोन आठवडे कामाची नोंद ठेवायला सांगितली. अट एकच होती: एक काम संपलं की लगेच लिहायचं, संध्याकाळी आठवून नाही. आठवून लिहिताना जे काम सगळ्यात जास्त डोक्यात जातं त्याचे तास फुगतात, आणि अंगवळणी पडलेलं काम निसटतं. बाईंची खात्री होती की मीटिंगांनीच त्यांचा जीव घेतलाय.

नोंद समोर ठेवली तेव्हा चित्र वेगळंच निघालं. कामाचे ठरलेले तास आठवड्याला 40. प्रत्यक्षात भरले सरासरी 52, जेवणाची सुट्टी धरली नव्हती. त्यात मीटिंगा फक्त 5 तास. त्यांचं मूळ काम 27 तास, मध्येच येणारी ‘एवढं जरा बघा’ छापाची कामं 7 तास. उरलेले 13 तास होते सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या कामाचे. म्हणजे जास्तीचे 12 तास कुठून आले हे कागदच सांगत होता. ते पाहून त्या बराच वेळ गप्प बसल्या. “मला वाटत होतं मीच हळू झालेय,” एवढंच म्हणाल्या.

मग त्या 13 तासांची फोड केली. पुरवठादारांच्या चौकशांना उत्तरं देण्यात साडेपाच तास, आणि साठ्याचा रोजचा अहवाल बनवण्यात साडेसात, म्हणजे दिवसाला दीड तास. मी विचारलं, हा अहवाल रोज कोण वाचतं? त्यांना सांगता येईना. चौकशी केल्यावर कळलं की तो सोमवारच्या आणि गुरुवारच्या आढाव्यातच उघडला जातो. इतर तीन दिवस तो कुणी मागितलाच नव्हता, आधीची व्यक्ती पाठवायची म्हणून यांनीही चालू ठेवला होता. तुमच्या नोंदीतही असं काहीतरी सापडेल असा माझा अंदाज आहे. दुसऱ्याकडून आलेल्या कामाबरोबर त्याच्या सवयीही येतात, आणि त्या आपण तपासत नाही.

यातून साहेबांसाठी एक पान तयार झालं. वर चार आकडे, खाली तीन पर्याय. पहिला: अहवाल आठवड्यातून दोनदा आणि पुरवठादारांच्या चौकशा दुसऱ्या सहकाऱ्याकडे, यातून 10 तास सुटतात. दुसरा: अहवाल दोनदाच, पण चौकशा माझ्याकडेच राहतील, त्याऐवजी पुरवठादारांच्या जुन्या नोंदी दुरुस्त करण्याचं काम आठवड्याला 9 तासांवरून 3 तासांवर आणायचं. तिसरा: रिकामी जागा भरायची. प्रत्येक पर्यायापुढे त्याची किंमतही लिहिली, आणि माझ्या मते हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची. पहिल्यात सहकाऱ्याला शिकवण्यात दोन आठवडे जातील. दुसऱ्यात नोंदींचं काम काही महिने लांबेल. तिसऱ्यात माणूस मिळून तयार होईपर्यंत आजचा प्रश्न तसाच राहील. किंमत आपणच सांगितली की समोरच्याला ती शोधून आपल्याला अडवावं लागत नाही.

बाईंना पानावर झोपेबद्दल, घरच्या चिडचिडीबद्दल लिहायचं होतं. ते सगळं खरं होतं आणि त्यावर आम्ही वेगळी सत्रं घेतली. पानावर मात्र एकच परिणाम लिहिला: गेल्या महिन्यात दोन बिलांत चुकीची रक्कम नोंदली गेली, दोन्ही रात्री आठनंतर केलेल्या नोंदी होत्या. हे लिहायला त्या घाबरत होत्या. पण चूक आपण तिच्या कारणासकट आधी सांगणं आणि ती दुसऱ्याला सापडणं यात फार फरक आहे.

मग सराव. मी साहेब झाले. त्यांनी सुरुवात केली, “सॉरी सर, मला माहितीये सगळेच बिझी आहेत, पण…” तिथेच थांबवलं. ठरलेलं वाक्य असं झालं: “सर, माझ्याकडे 40 तासांत 52 तासांचं काम आहे. मी तीन पर्याय आणलेत, त्यातला एक तुम्ही ठरवून द्यावा अशी विनंती आहे.” यानंतर गप्प राहायचं. त्यांना तेच सगळ्यात जड गेलं. मग मी मुद्दाम विचारलं, “अहवालाला दीड तास? एवढा कशाला लागतो?” आकडे मांडले की हा प्रश्न येतोच, आणि तयारी नसेल तर माणूस तिथेच कोसळतो. दीड तासातली पन्नास मिनिटं गोदामाला फोन करून न जुळणारे आकडे जुळवण्यात जातात, हे त्यांच्याकडे लिहिलेलं होतं.

साहेबांची वेळ त्यांनी आधी मागून घेतली, अर्ध्या तासाची, आणि पान आदल्या दिवशी पाठवलं. साहेब आधी म्हणाले, “प्राधान्य तुम्हीच ठरवा ना.” ऐकायला हे मोकळीक दिल्यासारखं वाटतं, पण काम मागे पडल्याचा दोष आपल्याकडे येतो. त्यांनी उत्तर दिलं, “मी क्रम लावलाय. त्याप्रमाणे नोंदींचं काम या तिमाहीत पूर्ण होणार नाही. चालेल का?” यावर साहेबांनी पहिल्यांदा पान नीट वाचलं. सहकाऱ्यावर आधीच भार होता, म्हणून त्यांनी दुसरा पर्याय निवडला. त्याच दुपारी बाईंनी ठरलेलं चार ओळींत मेलवर कळवलं. महिन्याभराने पुन्हा नोंद केली तेव्हा आठवड्याचे 43 तास भरले.

सगळीकडे असं होत नाही. मेल पाठवूनही दोनतीनदा काहीच ठरलं नाही, तर तेच पान मनुष्यबळ विभागाकडे न्यावं लागतं, आणि तिथेही दार बंद असेल तर प्रश्न त्या जागी राहायचं की नाही असा होतो. झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर नोंद पूर्ण व्हायची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.

तुम्ही सोमवारपासून लिहायला लागा. दोघांकडून आलेलं काम दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा, कारण एकाचं काम कदाचित बंदच करता येईल आणि दुसऱ्याचं वाटून द्यावं लागेल. दोन आठवड्यांनी ते कागद घेऊन या, सरांचा पहिला प्रश्न काय असेल ते आपण बसून पाहू.