निवृत्त होणाऱ्या मॅडमना भेट देताना काय बोलावं?

"आम्ही सोलापूरला दहावीत आहोत. इतिहासाच्या मॅडम या महिन्याअखेर निवृत्त होताहेत. वर्गातर्फे सोलापुरी चादर द्यायची ठरलंय, आणि ती देताना मला दोन मिनिटं बोलायचंय. काय बोलू?"

शाळेतल्या निरोप समारंभांत मुलांची भाषणं मीच बसवून घेते, म्हणून सांगते. तुझ्याआधी मुख्याध्यापक आणि पाहुणे बोललेले असतील. 'गुरुर्ब्रह्मा', 'ज्ञानाचा सागर', 'जड अंतःकरणाने' हे सगळं होऊन गेलेलं असेल. तू फक्त मॅडमनी तुमच्या वर्गासाठी केलेली एखादी गोष्ट सांग आणि ती भेटीशी जोड. लिहिलेलं वाक्य दुसऱ्या कुठल्या शिक्षकांनाही चालत असेल तर खुशाल खोड.

मी असं लिहीन. प्रसंग मात्र तुमच्या वर्गात घडलेलाच घाल:

"मॅडम, नववीत तुम्ही आम्हाला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेलं होतं. तिथं मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे ही चार नावं एकेकाकडून म्हणवून घेतली होती. १२ जानेवारी १९३१ ला त्यांना येरवड्यात फाशी झाली, हे आमच्यातलं कुणीच विसरलेलं नाही. नंतर तुम्ही म्हणालात, आता घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा, तोही इतिहासच आहे. तेव्हा आमच्यातल्या कितीजणांना कळलं की आपले आजोबा मागावर होते आणि घरी आजी विड्या वळायची. म्हणून आम्ही भेटही आपल्या गावच्या मागावरचीच आणली आहे. मॅडम, दहावी अ तर्फे ही चादर स्वीकारावी."

हे सावकाश म्हटलं तरी दीड मिनिटाच्या आत होतं. उरलेला वेळ भरायला काही जोडू नकोस, कारण मॅडम मध्ये डोळे पुसतील, टाळ्या पडतील, तेव्हा थांबावं लागतंच.

'चादर' हा शब्द शेवटच्या वाक्यापर्यंत येऊ देऊ नकोस. आधी आला की सगळ्यांच्या नजरा पिशवीकडे जातात आणि पुढचं कुणी ऐकत नाही. सूत्रसंचालकांनाही हे आधी सांगून ठेव, नाहीतर तेच माइकवर जाहीर करून टाकतात. चादर कागदात गुंडाळू नका. किमतीची चिठ्ठी काढा, आणि 'स्वीकारावी' म्हटल्यावर दोघांनी ती नक्षी दिसेल अशी उलगडून पुढे यावं. तू माइकपाशीच थांब. तूच चादर द्यायला धावलीस तर कागद, माइक आणि चादर यांत गोंधळ होतो, फोटोही बिघडतो.

आणि भाषणाची एक प्रत मैत्रिणीच्या हातात देऊन तिला शेजारी उभी कर. नावं म्हणताना गळा दाटून आला तर पुढचं वाक्य ती वाचेल.