चिवड्याच्या पाकिटावरच्या कॅलरी जुळत नाहीत, चूक कुठे शोधायची?

प्रश्न: नाशिकला घरगुती चिवड्याचा व्यवसाय आहे. लेबलवर १०० ग्रॅमला ऊर्जा ५४३ किकॅ., प्रथिने ९.५, कर्बोदके ५६, त्यात एकूण साखर ६ (वरून घातलेली ५.२), फॅट २८.५ ग्रॅम असं आहे. मी हिशोब केला तर ५१८ च्या आसपास येतं. छपाईला द्यायचं आहे. नक्की कोण चुकलं?

तुमचा हिशोब बरोबर आहे, लेबल चुकलंय. आणि चूक कोणती ते फरकाच्या आकड्यावरूनच कळतं.

आधी बरोबर बेरीज. प्रथिनाच्या आणि कर्बोदकाच्या ग्रॅमला ४ किलोकॅलरी, फॅटच्या ग्रॅमला ९. म्हणजे ३८ अधिक २२४ अधिक २५६.५, एकूण ५१८.५. लेबलवर साधारण २४ जास्त आहेत.

हा फरक राउंडिंगचा असू शकतो का? आकडे एका दशांशापर्यंत दिले असतील तर प्रत्येकात जास्तीत जास्त ०.०५ ग्रॅमची तफावत लपते. तिन्ही एकाच बाजूला झुकले तरी ०.०५ गुणिले १७, म्हणजे एक किलोकॅलरीसुद्धा होत नाही. पूर्ण ग्रॅममध्ये लिहिलेल्या लेबलवर ही मर्यादा साडेआठपर्यंत जाते. २४ कुठेच बसत नाही.

मग २४ ला ४ ने भागा. ६ येतात, आणि ६ हा तुमच्या एकूण साखरेचा आकडा आहे. साखर कर्बोदकांच्या ५६ ग्रॅममध्ये आधीच धरलेली आहे. तक्त्यात ती खालच्या ओळीत वेगळी दिसते म्हणून कुणीतरी ती पुन्हा मिळवली. ५१८.५ अधिक २४ म्हणजे ५४२.५, त्याचं ५४३ झालं. वरून घातलेली ५.२ दुसऱ्यांदा धरली असती तर ५३९ आलं असतं, त्यामुळे ती शंकाही मिटते.

एक्सेलमध्ये प्रथिने B2, कर्बोदके B3, एकूण साखर B4 आणि फॅट B6 मध्ये असेल तर चुकीचं सूत्र बहुधा असं असणार:

```
=4*(B2+B3+B4)+9*B6
```

हवं ते असं:

```
=4*B2+4*B3+9*B6
```

तंतुमय पदार्थांवर खापर फोडायची सवय असते, म्हणून तेही तपासून टाकू. त्यांना ग्रॅमला २ धरतात. ते कर्बोदकांच्या आत मोजले असतील तर ऊर्जा कमी होईल, वाढणार नाही. बाहेर मोजले असतील तर २४ साठी १२ ग्रॅम लागतील. पण तुमची प्रथिने, कर्बोदके आणि फॅट मिळून ९४ ग्रॅम होतात. त्यात १२ घातले की १०६. शंभर ग्रॅम चिवड्यात १०६ ग्रॅम माल मावत नाही. उरलेल्या ६ ग्रॅमात ओलावा, मीठ आणि इतर क्षार असतात, आणि कुरकुरीत चिवड्याला तो आकडा शोभतो.

दुसऱ्या कुठल्या लेबलवर फरक पडला तर आधी त्याला ५ ने भागून पाहा. भागाकार फॅटच्या ग्रॅमइतका आला तर फॅटलाही ४ नेच गुणलंय; तुमच्या मालात तसं झालं असतं तर लेबलवर ३७६ दिसलं असतं. आकडा चौपटीहून किंचित जास्त असेल तर किलोज्यूल किलोकॅलरीच्या रकान्यात गेलेत, गुणक ४.१८४.

एका ठिकाणी फसाल. ३० ग्रॅमच्या सर्व्हिंगला बरोबर ऊर्जा १५६ येते, चुकीच्या हिशोबाने १६३. दोन्हींची २००० किलोकॅलरीशी टक्केवारी काढली तर ८ टक्केच. म्हणजे टक्क्यांचा रकाना जुळला म्हणून लेबल बरोबर, असं धरू नका. १०० ग्रॅमचा आणि सर्व्हिंगचा, दोन्ही आकडे दुरुस्त करून घ्या.

आता या पडताळणीची मर्यादा. कर्बोदकं बहुधा थेट मोजत नाहीत. शंभरातून ओलावा, प्रथिने, फॅट आणि क्षार वजा करून जे उरतं ते कर्बोदकं म्हणून लिहितात. त्यामुळे फॅट ५ ग्रॅम कमी मोजलं गेलं तर कर्बोदकं आपोआप ५ ने वाढतात, ऊर्जा २५ ने घसरते आणि बेरीज तरीही चोख जुळते. तुमच्या चिवड्यात तळलेला कांदा, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप असतील तर नेमका फॅटचाच आकडा सगळ्यात जास्त हलतो. कांदा झाऱ्यावर नीट न निथळता घाणा मिसळला की तेल मालातच राहतं. तपासणीला नमुना देताना दोन-तीन वेगवेगळ्या घाण्यांतला माल घ्या. वरचे पोहे आणि डब्याच्या तळाशी बसलेले दाणे-मसाला सगळं आधी एकत्र करा, नुसता वरचा थर देऊ नका.