दीडशे पानांचा अहवाल आणि चार खांब

प्रश्न: ठाण्यात एका सरकारी कार्यालयात कंत्राटी अभियंता आहे. जुन्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा दीडशे पानांचा अहवाल आलाय आणि साहेबांना एका पानाची टिपणी हवी आहे. सारांश काढायला सुरुवात कुठून करू? आकडे किती ठेवायचे? काही ठरलेला नमुना असतो का?

अहवालाच्या सुरुवातीला कार्यकारी सारांश असतो ना, तो आधी बाजूला ठेवा. दहातले नऊ जण तेच दीड पान उचलतात, थोडं कापतात, सरकारी मराठीत बसवतात आणि टिपणी तयार झाली म्हणतात. तो सारांश सल्लागाराने लिहिलेला असतो, त्याचं बिल निघावं आणि पुढे कुणी प्रश्न विचारू नये अशा बेताने. तुमच्या साहेबांनी काय ठरवायचं आहे, याचा विचार त्यात नसतो. तुम्ही परिशिष्टातून सुरुवात करा, चाचण्यांचे तक्ते असतात तिथून.

हे मी एवढं ठासून का सांगतेय, ते सांगते. मी तेव्हा ठाण्याच्याच पट्ट्यात एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ अभियंता होते. खाडीच्या बाजूला आमची कर्मचारी निवासस्थानांची एक इमारत होती, तळमजला अधिक चार, ऐंशीच्या दशकातली, एम-१५ काँक्रीटची. ऑडिट झालं, अहवाल आला. निष्कर्ष होता सी-२बी, म्हणजे रहिवासी राहू देत, दुरुस्ती करा. सी-२ए आला असता तर आधी घरं रिकामी करावी लागली असती. साहेबांना खरं तर एवढंच ठरवायचं होतं, माणसं हलवायची की नाही. टिपणी लिहायचं काम माझ्याकडे आलं.

सारांशात दोन आकडे ठळक छापले होते. यूपीव्ही, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात त्याची चाचणी, तिची सरासरी सेकंदाला ३.६ किलोमीटर. साडेतीनच्या वर असलं की 'चांगलं', म्हणून चांगलं. रिबाउंड हॅमरने काढलेली ताकद सरासरी २७. एम-१५ च्या इमारतीला २७! वाचणाऱ्याला वाटावं इमारत ठणठणीत आहे.

मी परिशिष्ट उघडलं. यूपीव्हीचे चाळीस बिंदू होते. त्यातले बत्तीस ३.८५ च्या आसपास. उरलेले आठ २.६ च्या आसपास, आणि तेव्हाच्या पट्टीने ३.० च्या खाली गेलं की काँक्रीट संशयास्पद धरायचे. गणित करून पाहा, दोन्ही मिळून सरासरी बरोब्बर ३.६ येते. आता हे आठ बिंदू इमारतभर विखुरलेले असते तर मी पुढे गेले असते. एखादा बिंदू हाताच्या चुकीने किंवा पृष्ठभागाच्या खडबडीतपणाने कमी येतोच. पण मी नकाशा काढला आणि पेन्सिलने एकेक बिंदू त्यावर टाकला. आठही बिंदू तळमजल्यावरच्या चार खांबांवर होते, प्रत्येकावर दोन. हे चारही खांब संडास-बाथरूमच्या डक्टला लागून होते. वर्षानुवर्षं गळणारा पाइप, त्यात खाडीचं खारं वारं. वरच्या सगळ्या मजल्यांचं त्या बाजूचं वजन याच चार खांबांवर.

नकाशावर बिंदू टाकायचं हे काम तासाभराचं आहे. अहवालात ते बहुतेक वेळा केलेलं नसतं. तुम्ही दुसरं काही केलं नाहीत तरी एवढं करा.

मग त्याच खांबांवरच्या बाकीच्या चाचण्या पाहिल्या. हाफ-सेलचे आकडे उणे ४०० मिलिव्होल्टच्याही पलीकडे. उणे ३५० च्या पलीकडे गेलं की आतली सळई गंजत असल्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. तीन खांबांतून गाभ्याचे नमुने काढले होते, त्यांची ताकद १४.१, १३.६ आणि ९.८. आयएस ४५६ प्रमाणे नमुन्यांची सरासरी मूळ ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही नमुना ७५ टक्क्यांखाली नको. एम-१५ ला ते १२.७५ आणि ११.२५ होतात. इथे सरासरी १२.५ आणि सगळ्यात कमी ९.८. दोन्ही अटींवर नापास. हे सगळं अहवालातच छापलेलं होतं, पण तीन वेगवेगळ्या परिशिष्टांत.

आणि तो हॅमरचा २७ कुठून आला? जुन्या काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरला की वरचा थर कडक होतो. हॅमर त्या वरच्या थरावरच आपटतो, म्हणून ताकद आहे त्याहून जास्त दाखवतो. कार्बोनेशनची खोली मोजलेला तक्ता त्याच अहवालात होता, काही ठिकाणी ३० मिलिमीटरच्या वर. म्हणजे २७ हा आकडा कुठल्याच टिपणीत जाण्याच्या लायकीचा नव्हता.

मी टिपणी लिहिली आणि पहिल्याच परिच्छेदात ते चार खांब घातले. आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी ती परत दिली. त्यांचं म्हणणं, "मॅडम, आपण पोस्टमन. अहवालात सी-२बी आहे, तर टिपणीत सी-२बीच जाणार. वर्ग बदलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" मी म्हटलं, वर्ग मी बदललेलाच नाही, अहवालातलेच आकडे पान क्रमांकासकट लिहिलेत. ते म्हणाले, एवढे आकडे साहेब वाचत नाहीत. शेवटी नवी टिपणी गेली: सरासरी ३.६, चांगली, हॅमर २७, वर्ग सी-२बी, दुरुस्तीची निविदा काढण्यास मान्यता असावी. सही झाली.

जुलैत काम सुरू झालं. त्यातल्या एका खांबाचं प्लास्टर आणि सुटलेलं काँक्रीट काढलं तर आत १६ मिलिमीटरच्या सळया जेमतेम १२ च्या उरलेल्या. व्यास पाव भागाने कमी झाला की सळईचं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी जातं. ठेकेदाराच्या सुपरवायझरने तिथेच काम थांबवलं, आणि त्याचे आभार मानावे तेवढे थोडे. लोखंडी प्रॉप लावले आणि त्या बाजूची दहा कुटुंबं भर पावसात हलवली. मुलांच्या शाळा सुरू होत्या, एका घरात बाळंतीण होती. कुणाला इजा झाली नाही. साहेब जागेवर आले आणि विचारलं, "हे मला आधी का कळलं नाही?" मी काहीच बोलले नाही, कारण उत्तर त्यांच्याच नस्तीत होतं, परिशिष्टात. ते कार्यकारी अभियंता अजूनही कुणी विषय काढला की म्हणतात, अहवालातच सी-२बी होतं. हो, होतं. आणि अहवालातच ९.८ पण होतं. साहेब आकडे वाचत नाहीत हे मला आजही पटत नाही. शेजारी मर्यादा लिहिलेली नसली की आकडा वाचून उपयोग नसतो, म्हणून ते सोडून देतात.

आता तुमचं पान. माझी परत आलेली टिपणी साधारण अशी होती, शब्द थोडे इकडेतिकडे:

"निर्णय अपेक्षित: तळमजल्यावरील डक्टलगतच्या चार खांबांना तातडीने आधार देणे व त्यांवरील दहा निवासस्थाने तात्पुरती रिकामी करणे, यास मान्यता असावी.

कारण: या चार खांबांचा यूपीव्ही वेग सुमारे २.६ (३.० खाली संशयास्पद), गाभ्याच्या नमुन्यांची सरासरी १२.५ (किमान १२.७५) व एक नमुना ९.८ (किमान ११.२५). संबंधित पृष्ठे पताका 'अ' ते 'क'.

अहवालाचा निष्कर्ष सी-२बी असा आहे. वरील आकडे त्याच्याशी जुळत नाहीत. सल्लागाराकडून लेखी खुलासा मागविला आहे.

इमारतीच्या उर्वरित भागाचे आकडे समाधानकारक असून दुरुस्तीचा प्रस्ताव स्वतंत्रपणे सादर करण्यात येईल."

बस. अर्धं पान झालं. तीन आकडे, प्रत्येकाच्या बाजूला त्याची मर्यादा, आणि सगळ्यात वर काय ठरवायचं आहे ते. इमारतीचा इतिहास, चाचण्यांच्या व्याख्या, सल्लागाराची पात्रता यांपैकी काहीही पानावर नको. हाफ-सेलही मी मुद्दाम घातलं नव्हतं. तो आकडा काँक्रीट किती ओलं आहे त्यावर बदलतो, साहेबांनी त्यावर एक प्रश्न विचारला की चर्चा भलतीकडे जाते. तो हाताशी ठेवा, बैठकीत लागला तर काढा.

सरासरी मात्र पानावर येऊच देऊ नका. इमारतीबाबत तरी नाहीच. भार एकेका खांबावर असतो, सरासरीवर नसतो.

नमुन्याचं विचारलंत, त्याला माझ्याकडे फारसं उत्तर नाही. तुमच्या कार्यालयात मागच्या वर्षीच्या नस्त्या असतील, त्यातली मांडणी उचला. मथळा कसा आणि परिच्छेदाला क्रमांक कुठे, यावर वेळ घालवू नका.

दोन गोष्टी राहिल्या. आयएस ४५६ मधली ती ८५ आणि ७५ टक्क्यांची अट मुळात नव्या काँक्रीटच्या स्वीकृतीसाठी आहे. जुन्या इमारतीला ती अंदाजाची पट्टी म्हणूनच लावतात, म्हणून सल्लागार तिथे हरकत घेऊ शकतो आणि त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नसेल. तेवढ्यासाठी एका चाचणीवर कधी उभे राहू नका. त्याच खांबावर दोन वेगळ्या चाचण्या एकच गोष्ट सांगत असतील तरच पहिल्या परिच्छेदात घ्या. आणि वर्ग स्वतः कधीही बदलू नका. तिथे आमच्या त्या कार्यकारी अभियंत्यांचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. वर्ग देणं ऑडिटरचं काम, सही त्याची आणि जबाबदारीही त्याचीच. तुमचं काम आहे विसंगती दाखवणं आणि त्याच्याकडून उत्तर घेणं.

ते उत्तर फोनवर घेऊ नका. फोनवर सगळे सल्लागार "काही नाही हो, ठीक आहे" म्हणतात. खांब क्रमांक, पान क्रमांक आणि आकडा लिहून ईमेल करा, "या खांबांसह सी-२बी कायम आहे का?" एवढंच विचारा आणि उत्तराला तारखेची मुदत द्या. सी-२बीवर लेखी ठाम राहायची वेळ आली की बरेच जण स्वतःच पुन्हा जागेवर जाऊन पाहतात. मुदतीत उत्तर आलं नाही तर टिपणी अडवून ठेवू नका. ईमेलची प्रत पताका 'ड' म्हणून लावा, "खुलासा अप्राप्त" असं लिहा आणि सादर करा.